सुनावणीला नव्हतो, मग हात वर करू का?

"काका, नमस्कार. दापोली तालुक्यातल्या आमच्या मच्छीमार सोसायटीवर मी यंदा पहिल्यांदाच संचालक म्हणून निवडून आलो. एका सभासदाविरुद्ध तक्रार आहे. त्याने स्वतःच्या नौकेच्या नावावर सोसायटीच्या पंपावरून डिझेल उचललं आणि परवाना संपलेल्या दुसऱ्या नौकेला दिलं, असं म्हणतात. खरं ठरलं तर आमच्या उपविधीप्रमाणे तीन महिने त्याचं डिझेल बंद. आम्ही अकरा संचालक, गणपूर्ती सहाची. सुनावणीला १२ ऑक्टोबरला सात जण होते, १९ ला सहा. दोन्ही दिवस बसलेले पाचच. मी दोन्ही वेळा समुद्रात होतो. रविवारी निर्णयाची सभा आहे आणि मतं निम्मी-निम्मी आहेत म्हणे. चेअरमन नात्याने माझे मामा लागतात. ते म्हणतात, 'तू फाईल वाच नि हात वर कर, बाकी आमी बघतो.' फाईलमध्ये दोन्ही दिवसांचं मिळून एकच पान आहे. एक संचालक तर बोटीवरून फोनवरच मत सांगणार आहे. मी काय करू?"
– एक संचालक, दापोली तालुका

नमस्कार,

रविवारी हात वर करू नका. त्या सभासदाच्या बाजूनेही नको आणि विरुद्धही नको. चर्चेतही बोलू नका. मात्र तुम्ही एकटे बाजूला झालात म्हणून हा निर्णय टिकेल असंही नाही, कारण तुमच्या पत्रातला खरा अडचणीचा आकडा 'पाच' आहे. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

संचालक मंडळापुढे दोन जातींची कामं येतात आणि दोन्हींना हात एकाच पद्धतीने वर होतो, त्यामुळे घोटाळा होतो. बर्फाचा दर किती ठेवायचा, पंपाची टाकी यंदा बदलायची की पुढच्या वर्षी, जाळ्यांसाठी उचल किती द्यायची, ही कारभाराची कामं. यात मागच्या दोन सभा चुकल्या तरी तिसऱ्या सभेत तुम्ही खुशाल मत द्या. तिथे तुमचा अनुभव आणि तुम्हाला मतं देणाऱ्या सभासदांचं हित, यावर मत ठरतं. पण एका माणसावर आरोप ठेवलाय, त्याला नोटीस देऊन बोलावलंय, साक्षीदार विचारलेत आणि शेवटी त्याची काहीतरी सवलत काढून घ्यायची आहे, असं काम आलं की तेवढ्यापुरतं मंडळ पंचांच्या जागी बसतं. हंगामात तीन महिने सोसायटीचं डिझेल बंद म्हणजे त्या घराला बाहेरून चढ्या दराने तेल घ्यावं लागणार, नाहीतर नौका किनाऱ्याला बांधून खलाशांना बसून पोसावं लागणार. असा निर्णय ज्याने त्याचं म्हणणं ऐकलं त्यानेच द्यायचा असतो.

तुमचे मामा म्हणतील की फाईल वाचली म्हणजे ऐकल्यासारखंच. याचं उत्तर मी माझ्याच एका चुकीतून देतो.

मी सहकार खात्यात नोकरीला होतो. बरीच वर्षं झाली, एका संस्थेच्या कारकुनाच्या चौकशीसाठी तिघांची समिती नेमली होती, तिच्यात मी होतो. कारकुनाने वसुलीची रक्कम घेतली, पण भरणा केला नाही, असा आरोप. मुख्य पुरावा एक पावती आणि तिच्यावर साक्षीदार म्हणून संस्थेच्या निवृत्त शिपायाची सही. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी शिपाई आला. आमच्यातले एक सदस्य त्या दिवशी येऊ शकले नाहीत. घाटात दरड आली होती आणि एस.टी. अडकून पडली होती. आम्ही दोघांनी काम चालू ठेवलं. शिपायाला पावती दाखवून विचारलं, "ही सही तुमचीच ना?" तो म्हणाला, "होय." मग कारकुनाने उठून त्याला एवढंच सांगितलं, "नाना, पावतीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." शिपायाने पावती हातभर लांब धरली, मग डोळ्यांजवळ आणली, खिसे चाचपले आणि म्हणाला, "चष्मा घरी ऱ्हायला. तेव्हाही नव्हता. सही कर म्हणाले, केली."

आमच्या टिपणात या सगळ्याची एक ओळ झाली: 'साक्षीदाराने पावती व त्यावरील सही ओळखली.' ओळ खोटी नव्हती. पण गैरहजर सदस्यांनी फाईल वाचली तेव्हा त्यांना एवढंच दिसलं की सही ओळखली, म्हणजे पावती खरी. त्यांनी कारकुनाविरुद्ध मत दिलं, माझं मत उलट होतं, आणि दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. त्या निकालावर तिघांच्या सह्या आहेत, माझीही आहे. तुम्ही त्या दिवशी नव्हता, तुम्ही मत देऊ नका, असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. अपिलात याच एका मुद्द्यावर निकाल रद्द झाला आणि चौकशी नव्याने करायला सांगितली. तोवर दोन वर्षं उलटली होती आणि तो शिपाई वारला होता. त्याची चष्म्याची गोष्ट आता कुठल्याच कागदावर नव्हती. कारकून पुढे सुटला, पण ती दोन वर्षं त्याला कोणी परत दिली नाहीत.

तुमच्या फाईलमधल्या त्या एका पानाबद्दल म्हणूनच मला भीती वाटते. तुमच्या प्रकरणातही कळीचा माणूस पंपावर डिझेल सोडणारा आहे. डिझेल कोणाच्या पुस्तकावर उचललं हे कागदावर असेल. पण ते नेलं कोणी, मालकाने की तांडेलाने, ते नौकेत भरलं की कॅनमध्ये, आणि मालकाला याची माहिती होती का, हे त्या पोऱ्याच्या तोंडूनच येणार. तो न अडखळता सांगतोय की चेअरमनांच्या तोंडाकडे बघून सांगतोय, हे समोर बसलेल्यालाच कळतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोर बसलेल्याला तिथल्या तिथे प्रश्न विचारता येतो. फाईलला प्रश्न विचारता येत नाही.

कोर्टाने याबद्दल काय म्हटलंय ते मामांना सांगायला उपयोगी पडेल, म्हणून दोन निकाल सांगतो. पहिला बँक कर्मचाऱ्यांचा. १९४९ साली देशभरातल्या बँकांच्या वादासाठी सरकारने तिघांचं न्यायाधिकरण नेमलं. त्यातले एक सदस्य दुसऱ्या सरकारी कामावर गेल्यामुळे नोव्हेंबर १९४९ ते फेब्रुवारी १९५० या काळात बसू शकले नाहीत. उरलेल्या दोघांनी सुनावण्या चालू ठेवल्या. नंतर ते परत आले, पुढच्या कामात बसले आणि निवाड्यावर तिघांनीही सह्या केल्या. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सगळा निवाडा रद्द ठरवला. मत फुटलेलं नव्हतं, तिघांचं एकमत होतं, तरी रद्द ठरवला. त्यामुळे 'तुझ्या एका मताने निकाल बदलणार नसेल तर दिलंस म्हणून काय झालं' हा युक्तिवाद चालत नाही. न ऐकलेला माणूस निर्णयात बसला की त्याचं मत वजा करून बाकीच्यांचं शाबूत ठेवता येईल, याची खात्री नसते, कारण चर्चेत त्याने कोणाला कुठे वळवलं ते कोणी मोजू शकत नाही.

दुसरा निकाल १९५८ चा, गुल्लापल्ली नागेश्वरराव यांचा. आंध्र प्रदेशात खाजगी बसमार्ग सरकारी महामंडळाकडे घेण्याची योजना होती. बसमालकांच्या हरकती ऐकल्या परिवहन खात्याच्या सचिवांनी आणि योजनेला मंजुरी दिली मुख्यमंत्र्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं असेल तर ती सुनावणी नुसता उपचार होऊन बसते. आजही या प्रश्नावर वकील हाच निकाल आधी काढतात.

मामांच्या म्हणण्यात तथ्य कुठे आहे तेही सांगायला हवं. प्रत्येक निर्णय देणाऱ्याने प्रत्येक साक्ष स्वतःच्या कानांनी ऐकलीच पाहिजे, असा सरसकट नियम नाही. इंग्लंडमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९१५ मध्येच सांगितलं होतं की सरकारी खातं आपल्या निरीक्षकाच्या अहवालावरून निर्णय देऊ शकतं. आपल्याकडेही उपविधींनी तशी सोय ठेवली असेल तर तीन संचालकांची उपसमिती साक्षी घेते, अहवाल देते आणि पूर्ण मंडळ त्यावर ठरवतं. ते चालतं. पण त्यासाठी तशी नेमणूक सुनावणीच्या आधी ठरावाने झालेली हवी, साक्षी सविस्तर लिहिलेल्या हव्यात, अहवालाची प्रत त्या सभासदाला मिळून त्यावर त्याला मंडळापुढे बोलायची संधी हवी. तुमच्याकडे यातलं काहीच झालेलं नाही. संपूर्ण मंडळाने ऐकायचं होतं, जे आले ते बसले आणि एक पान लिहून ठेवलं. आता नंतर त्यालाच उपसमिती म्हणता येणार नाही.

आता तो पाचाचा आकडा. दोन्ही बैठकांना गणपूर्ती होती, पहिल्या दिवशी सात आणि दुसऱ्या दिवशी सहा, म्हणून सगळ्यांना वाटतंय की काम नियमात आहे. रविवारीही बहुतेक सगळे येतील. पण ज्यांनी संपूर्ण प्रकरण ऐकलंय असे किती, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. ते पाच आहेत, आणि तुमची गणपूर्ती सहाची आहे. म्हणजे न ऐकलेले सगळे प्रामाणिकपणे बाजूला झाले तर निर्णय द्यायला पुरेशी माणसंच उरत नाहीत, आणि ते बसले तर निर्णय नासतो. मत बरोबरीत आहे की नाही हा प्रश्न यानंतरचा.

यावर उपाय आहे आणि तो एका संध्याकाळचा आहे. हिशेब करून बघा. पहिल्या दिवशी सात, त्यातले पाच दुसऱ्या दिवशीही होते, म्हणजे दोघांचा फक्त दुसरा दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी सहा, त्यातले पाच तेच, म्हणजे एकाचा फक्त पहिला दिवस चुकला. तुमच्यासारखे काहीच न ऐकलेले तिघे. दुसऱ्या दिवसाची साक्ष त्या सभासदासमोर पुन्हा घेतली आणि ज्यांचा तो दिवस चुकला ते दोघे हजर राहिले, तर पाचाचे सात झाले. गणपूर्ती भरली. तुम्हा तिघांना नव्याने सगळं ऐकवायची गरजही नाही. तुम्ही बाहेर राहिलात तरी काम पूर्ण होतं. सात हा विषम आकडा आहे, तेव्हा सगळ्यांनी मत दिलं तर बरोबरीची भानगडही राहणार नाही. तुमच्याच मताने कोंडी फुटेल असं मामांना वाटतंय, पण तिथे तुमची गरजच उरत नाही.

पुन्हा साक्ष घेताना एक काळजी घ्या. 'मागच्या वेळी सांगितलं तेच ना रे?' 'होय' असं उरकलं तर ती साक्ष झाली नाही. साक्षीदाराने पहिल्यापासून सांगायचं, त्या सभासदाला पुन्हा प्रश्न विचारू द्यायचे, आणि सचिवांनी प्रश्न-उत्तर जसंच्या तसं लिहायचं. कोणी अडखळला, कोणी कागद बघून बोलला, तर तेही लिहायचं. वर त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि तो किती वाजता आला, किती वाजता उठला, हे हवं. अर्ध्यावर उठून लिलावाला गेलेला संचालक कागदावर पूर्ण वेळ हजर दिसतो, हे मी कित्येक इतिवृत्तांत पाहिलंय.

रविवारच्या सभेचं सांगतो. आधी उपविधी उघडून बघा की ठराव 'हजर असलेल्यांच्या' बहुमताने मंजूर होतो की 'हजर राहून मत देणाऱ्यांच्या'. पहिलं असेल तर खोलीत बसून तटस्थ राहणं म्हणजे प्रत्यक्षात विरोधात मत दिल्यासारखं होतं, कारण तुमची मुंडी हजेरीत मोजली जाते. त्यामुळे नुसतं तटस्थ राहू नका. विषय पुकारल्यावर उभे राहा आणि इतिवृत्तात असं लिहून घ्या: "मी दि. १२ व १९ ऑक्टोबर रोजीच्या सुनावणीस हजर नव्हतो, म्हणून या विषयाच्या चर्चेत व मतदानात भाग घेत नाही." आणि त्या विषयापुरते बाहेर जा. बाहेर पडण्याआधी दुसऱ्या दिवसाची साक्ष पुन्हा घ्यावी अशी सूचना मांडा. ती कामकाजाची सूचना आहे, त्यात कोणाच्याही बाजूने मत येत नाही. तेवढं मांडायचा हक्क तुम्हाला आहे.

फोनवरच्या मताचं उत्तर सोपं आहे. सर्वसाधारण सभेतसुद्धा सभासदाने स्वतः हजर राहूनच मत द्यायचं, दुसऱ्याच्या हातून नाही, असं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २७ मध्ये आहे. अपवाद आहेत ते मोजके. मंडळाच्या सभेत फोनवर हजेरी धरायची सोय तुमच्या उपविधीत नसेल तर ते मत घेऊच नका. आणि सोय असली तरी त्या संचालकाने सुनावणी ऐकलीय का, हा प्रश्न राहतोच. बोटीवर रेंज येते म्हणून साक्ष ऐकल्यासारखी होत नाही.

तो सभासद गप्प असेल तर त्याच्या गप्प बसण्यावरही विसंबू नका. कधीकधी माहीत असून हरकत न घेतल्याचं त्याच्यावर उलटतं हे खरं. पण त्याला कोणता संचालक कुठल्या दिवशी होता हे कुठे कळवलंय? त्याच्याकडून 'माझी हरकत नाही' असं लिहून घ्यायची युक्ती कोणीतरी काढेल. त्याचं डिझेल ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर तो सही करेलच. त्या सहीला मी पैशाची किंमत देणार नाही.

आणि सभेत कोणी तावातावाने म्हणालं की तीन महिने कशाला, सोसायटीतूनच काढून टाका, तर तिथेच थांबवा. सभासदाला काढून टाकणं मंडळाच्या हातात नाही. कलम ३५ प्रमाणे त्यासाठीच बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत, त्याला तिथे बोलायची संधी देऊन, हजर सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांशांनी ठरवावं लागतं आणि वर निबंधकाची मान्यता लागते.

राहता राहिले मामा. हे सगळं सभेत पहिल्यांदा त्यांच्या कानावर घालू नका. चारचौघांत भाच्याने अडवलं असं होईल आणि मग ते हट्टाला पेटतील. शनिवारी संध्याकाळी घरी जा. तत्त्वाच्या गोष्टी करू नका, हिशेब मांडा: पाच, सहा, सात. हा ठराव असाच झाला तर तो सभासद निबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात जाईल, चेअरमन म्हणून नोटीस मामांच्या नावाने येईल आणि हंगाम संपेपर्यंत तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागतील. फिरून सुनावणी करावी लागेल ती वेगळीच. आणि त्या सभासदाने खरंच डिझेल दुसऱ्याला दिलं असेल तर तोही या एका चुकीवर सुटेल. चेअरमन माणसाला हे पटतं, मी पाहिलंय. तुमचं गाव एवढंसं, शिमग्याला पालखी त्याच्याही अंगणात नाचणार आणि तुमच्याही. मामांना हेही माहीत आहे, ते तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही.

पुन्हा घ्यायच्या साक्षीची तारीख ठरवताना दोन गोष्टी बघा. ज्या दोघांचा दुसरा दिवस चुकला त्यांच्या बोटी त्या दिवशी किनाऱ्याला हव्यात, तेव्हा तारीख त्यांना विचारून ठेवा आणि नोटिशीवर त्यांची सही घ्या. त्या सभासदालाही तीच नोटीस पुरेशी आधी, पोच घेऊन द्या. आणि पंपावरचा तो पोऱ्या दिवाळीला गावी जाणार असेल तर त्याच्या आधीची तारीख घ्या. एकदा गेला की केव्हा परत येईल सांगता येत नाही.